जामीन कशाला दिला होता?

सप्टेंबर महिना म्हणजे पतसंस्थांच्या वार्षिक सभांचा महिना. गेल्या काही वर्षांत अशा ज्या सभांना मी गेलो, त्या प्रत्येक सभेत थकबाकीचा विषय निघाला की एकच भांडण ऐकू आलं. एक जण उठून म्हणतो, कर्ज खाल्लं एकाने आणि पगार कापला जातोय दुसऱ्याचा, बिचाऱ्या जामीनदाराला का छळता? लगेच दुसरा उठतो, सही करताना हात थरथरला नाही, मग आता भरायला काय होतं? टाळ्या दोघांनाही पडतात. तालुक्याच्या कोर्टात बावीस वर्षं वकिली करताना, त्यातली निम्मी कर्जवसुलीच्या कागदांत घालवल्यावर, मला वाटतं की हे दोघेही चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. जामीनदाराची दया करायची की नाही, हा प्रश्नच नाही. त्याने जामीन कशाला दिला होता आणि आज त्याच्याकडून मागितलं जातंय ते तेच आहे का, हे आधी विचारायला हवं. ते तेच असेल तर त्याने शेवटच्या रुपयापर्यंत भरलं पाहिजे. मधल्या काळात त्याला न विचारता कर्जाचा करारच बदललेला असेल, तर त्या बदललेल्या करारासाठी त्याला धरता येणार नाही. छापील फॉर्मवरचं एखादं सरसकट कलम दाखवून तर नाहीच नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 133 तेच सांगतं. कर्जदार आणि धनको यांच्यातल्या कराराच्या शर्तींत जामीनदाराच्या संमतीशिवाय कोणताही बदल केला, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार मुक्त होतो. कलमाखाली कायद्यानेच उदाहरणं दिली आहेत आणि त्यातलं एक मी अशिलांना नेहमी सांगतो. 1 मार्चला पाच हजार रुपये उसने द्यायचं ठरलं, जामीनदाराने परतफेडीची हमी दिली, आणि धनकोने पैसे 1 जानेवारीलाच देऊन टाकले. कायदा म्हणतो, जामीनदार सुटला. रक्कम तीच, माणसं तीच, तरीही. कारण पैसे आधी दिले की ते आधी मागताही येतात, आणि जामीनदाराने तेवढ्या लवकर येणारा धोका स्वीकारलेला नव्हता.

बदल किती मोठा होता हे कोणी ठरवायचं? इथे जुना इंग्लिश खटला उपयोगी पडतो, होम विरुद्ध ब्रन्स्किल, 1878 चा. डोंगराळ भागातल्या एका शेतावर सातशे मेंढरांचा कळप होता. कूळ शेत सोडेल तेव्हा कळप चांगल्या स्थितीत परत करील, अशी हमी तिसऱ्या माणसाने दिली. पुढे मालक आणि कूळ यांनी आपसात ठरवून एक लहानसं रान कराराबाहेर काढलं आणि त्या बदल्यात खंड दहा पौंडांनी कमी केला. जामीनदाराला कोणी सांगितलं नाही. कळप शेवटी घटलेला निघाला. ज्युरीने सांगितलं की एक रान गेल्याने काही मोठा फरक पडलेला नाही. तरी अपील न्यायालयाने बहुमताने जामीनदाराला सोडलं. बदल वरवर पाहताच क्षुल्लक असेल, किंवा जामीनदाराच्या फायद्याचाच असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी हा बदल आपल्याला चालेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार जामीनदाराचा आहे, न्यायालयाने त्याच्या वतीने हिशेब मांडत बसू नये, असं त्या निकालाचं म्हणणं होतं. या निकालाच्या सहा वर्षं आधीच आपल्याकडचं कलम 133 छापलेलं होतं, म्हणून हा फक्त साहेबाच्या कोर्टाचा आयता आणलेला नियम आहे असं म्हणून तो झटकता येत नाही.

आणि आपली स्वतःची परंपरा तरी काय सांगते? याज्ञवल्क्यस्मृतीत जामिनाचे तीन प्रकार आहेत: माणसाला हजर करण्याचा, त्याच्या विश्वासूपणाचा, आणि पैसे भरण्याचा. पहिल्या दोन प्रकारांतल्या जामीनदाराच्या मुलांवर बोजा येत नाही, तिसऱ्यात येतो. मराठेशाहीच्या काळातही हाजीरजामीन वेगळा, मालजामीन वेगळा, चांगल्या वर्तणुकीचा फैलजामीन वेगळा. म्हणजे ‘हा अमक्याचा जामीन आहे’ एवढं म्हणून कधीच भागत नव्हतं, कशापुरता हे आधी ठरत होतं. माणसाला जामीन राहणं आणि त्या माणसाच्या एका ठरावीक बोलीला जामीन राहणं, यातला फरक आपल्या आजोबा-पणजोबांना कळत होता.

आता एक प्रकरण तपशिलात सांगतो. माणसाचं आणि संस्थेचं नाव घेत नाही, आकडे थोडे गोलसर केले आहेत. एप्रिल 2014 मध्ये गोठ्यासाठी सहा लाखांचं कर्ज निघालं. व्याज 12 टक्के, मुदत साठ महिने, हप्ता सुमारे 13,350 रुपये. जामीनदार एक प्राथमिक शिक्षक, कर्जदाराचे चुलतमेहुणे. गुरुजी मे 2019 मध्ये निवृत्त होणार होते, आणि कर्ज त्याआधी, मार्च 2019 मध्ये फिटणार होतं. सही करण्यापूर्वी त्यांनी हा हिशेब वहीत मांडला होता. मी ती वही पाहिली आहे. पगार चालू असेपर्यंत धोका घ्यायचा, निवृत्तीचा पैसा धोक्यात घालायचा नाही, एवढीच त्यांची अट होती आणि ती करारातल्या साठ महिन्यांच्या आकड्यात बसत होती.

चोवीस हप्ते भरले गेले. बाकी साधारण चार लाख दोन हजार उरली. मग दुधाचे भाव पडले, कर्जदार संस्थेत गेला, आणि संस्थेने ‘नवं-जुनं’ केलं. आणखी दोन लाख दिले, जुनी बाकी त्यात मिळवली, एकूण सहा लाख दोन हजारांवर 14 टक्के व्याज लावलं आणि मुदत चौऱ्याऐंशी महिने केली. हप्ता उतरून सुमारे 11,280 झाला, म्हणून कर्जदार खूश. संस्थेच्या वहीत खातं नियमित झालं, म्हणून शाखाधिकारीही खूश. जुन्या कराराप्रमाणे एकूण चार लाख ऐंशी हजारांच्या आसपास भरायचे राहिले होते, आता साडेनऊ लाख भरायचे झाले. शेवटचा हप्ता 2023 मध्ये गेला, म्हणजे गुरुजींच्या निवृत्तीनंतर चार वर्षांनी. गुरुजींना कोणी फोनसुद्धा केला नाही. चौदा नवे हप्ते भरून कर्जदार थांबला, आणि वसुली दाखल्यावर व्याजासह सहा लाखांच्या जवळपासची रक्कम गुरुजींच्या नावाने आली.

सभेतल्या पहिल्या वक्त्याने इथे ‘बिचारे गुरुजी’ म्हटलं असतं आणि दुसऱ्याने ‘सही कोणी केली?’ असं विचारलं असतं. सही गुरुजींनीच केली होती, पण ती सहा लाख, बारा टक्के, साठ महिने या करारावर. त्यांच्याकडून मागितलं जात होतं ते दुसऱ्याच करारावर.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं लंगडं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांचा पहिला मुद्दा वजनदार आहे. पतसंस्थेचा पैसा हा ठेवीदारांचा पैसा असतो. त्यात विधवा बाईची ठेव असते, मजुराची पिग्मी असते. जामीनदाराला एखाद्या बारीक कारणावरून सोडलं, तर तो तोटा या लोकांच्या माथी जातो, आणि त्यांनी तर काहीच सही केलेली नसते. जामीनदाराकडे जाण्याआधी कर्जदाराला पिळून काढा, असं म्हणण्यालाही कायद्यात आधार नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते हे कलम 128 सांगतं, आणि धनकोला आधी कर्जदाराच्या मागे लागण्याची सक्ती केली तर हमीचा हेतूच बुडतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये बँक ऑफ बिहारच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तसंच, ‘संस्था तीन वर्षं गप्प बसली, म्हणून मी सुटलो’ असं अनेक जामीनदार मला सांगतात. तेही चूक आहे. नुसतं दावा न लावता थांबणं जामीनदाराला मुक्त करत नाही, कलम 137 तसं म्हणतं. करारातच लिहिलेल्या सूत्राप्रमाणे बदलता व्याजदर वर गेला, तर तोही शर्तीतला बदल नव्हे, ती मूळ शर्तच आहे. शर्त बदलली तरी प्रत्येक वेळी सुटका होते असंही नाही. थॉमकोज बँकेच्या प्रकरणात हमीपत्रातली मर्यादा पंचवीस हजारांवरून वीस हजारांवर आणली गेली होती. जामीनदाराला त्याची खबर नव्हती, तरी बोजा कमीच झाला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्याला सोडलं नाही. मला तो निकाल योग्य वाटतो.

पण ठेवीदारांचा मुद्दा नीट तपासला तर तो कोणाच्या विरुद्ध जातो? संस्थेला गुरुजींकडे एक माणूस पाठवून एक सही घ्यायला किती खर्च आला असता? समजा गुरुजी नाही म्हणाले असते. तरी संस्थेचं काय बुडत होतं? जुना करार आणि जुना जामीन तसाच उभा होता, बाकी चार लाखांची होती, आणि पगार आणखी तीन वर्षं चालू होता. त्या दिवशी वसुली सुरू केली असती तर ठेवीदारांचा पैसा सुरक्षित राहिला असता. संस्थेने त्याऐवजी थकीत होऊ घातलेल्या माणसाला आणखी दोन लाख दिले. ठेवीदारांचा पैसा धोक्यात घातला तो या निर्णयाने, आणि तो निर्णय घेणाऱ्यांत गुरुजी नव्हते. ज्याने धोका वाढवला त्याला सोडून ज्याला विचारलं नाही त्याने भरायचं, याला ठेवीदारांचं रक्षण म्हणायचं का?

दुसरा मुद्दा असा की मुदत वाढवणं हे बहुतेक वेळा जामीनदाराच्याही भल्याचं असतं. हप्ता उतरला की कर्जदाराला श्वास घेता येतो, तो भरत राहतो आणि जामीनदारापर्यंत गोष्ट येतच नाही. हे अनेकदा खरं ठरतं, मी तशी खाती पाहिली आहेत. तरीही कायदा मुदतवाढीच्या बाबतीत कलम 133 पेक्षाही कडक आहे. कलम 135 प्रमाणे धनकोने कर्जदाराशी करार करून मुदत वाढवून दिली किंवा दावा न लावण्याचं वचन दिलं, आणि जामीनदाराने त्याला मान्यता दिली नाही, तर जामीनदार मुक्त होतो. इथे ‘नंतरच्या व्यवहारांपुरता’ अशी मर्यादा नाही. इतकं कडक का? कारण जामीनदाराचं एकच शस्त्र असतं: बाकी भरून टाकून धनकोच्या जागी उभं राहायचं आणि कर्जदाराकडून, त्याच्या तारणातून, लगेच वसूल करायचं. धनकोने कर्जदाराला तीन वर्षांची सवड लिहून दिली की ते शस्त्र बोथट होतं. 2016 मध्ये गोठ्यात बारा म्हशी होत्या. दाखला निघाला तेव्हा चार उरल्या होत्या. गुरुजींना वेळेवर कळलं असतं तर त्यांनी आठ म्हशी विकायला लावल्या असत्या की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही. म्हणूनच हा निर्णय त्यांच्यावर सोडायला हवा होता.

खरी लढाई तिसऱ्या मुद्द्यावर आहे. संस्थेच्या वकिलांनी गुरुजींचं हमीपत्र पुढे केलं. त्याच्या तिसऱ्या पानावर बारीक टाइपात छापलं होतं की संस्था वेळोवेळी मुदत, व्याज, हप्ते, तारण यांत कोणताही बदल करू शकेल, कर्जाचं नूतनीकरण करू शकेल, आणि कलम 133, 134, 135, 139, 141 खालचे सगळे हक्क जामीनदार सोडून देत आहे. असं कलम आज जवळपास प्रत्येक हमीपत्रात असतं. न्यायालयांनी अशी कलमं बऱ्याचदा मान्यही केली आहेत. कर्नाटक उच्च न्यायालयाने टी. राजू शेट्टी प्रकरणात जामीनदार हे हक्क सोडू शकतो असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सीताराम गुप्ता प्रकरणात, चालू हमी मागे घेण्याचा कलम 130 चा हक्क करारानेच सोडला असेल तर जामीनदार त्याला बांधील राहतो, असा निकाल दिला. सज्ञान माणसाने स्वतःच्या फायद्याचा हक्क स्वतःहून सोडला तर कायद्याने मध्ये का पडावं, हे त्यामागचं तत्त्व, आणि व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या हमीसाठी ते मला पटतं. कंपनीचा संचालक स्वतःच्या कंपनीच्या कर्जाला जामीन राहतो, तेव्हा बदल काय होतोय हे त्याला सगळ्यात आधी कळतं, बहुधा तोच तो मागत असतो. गुरुजींची गोष्ट तशी नाही.

शिवाय शब्द नीट वाचा. कलम 133 संमती मागतं. संमती म्हणजे काय, हे त्याच कायद्याच्या कलम 13 मध्ये आहे: दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देणं. 2014 मध्ये ‘कोणताही बदल’ या शब्दांखाली सही करताना गुरुजींच्या मनात 2016 चे दोन लाख, 14 टक्के आणि 2023 साल असणं शक्य होतं का? संस्थेच्या तरी मनात होतं का? जी गोष्ट दोघांच्याही डोक्यात अजून जन्मलेली नव्हती, तिच्यावर दोघांचं एकाच अर्थाने एकमत झालं, असं कसं म्हणता येईल? आणखी एक पाहा. कलम 128 लिहिताना कायदा करणाऱ्यांनी ‘करारात वेगळं ठरलं नसेल तर’ अशी मोकळीक स्पष्टपणे ठेवली. पाच कलमं पुढे, 133 मध्ये, ती ठेवली नाही. ही नजरचूक आहे असं मला वाटत नाही.

ज्यांना हा तर्क फार भावनिक वाटतो त्यांनी 2005 चा ट्रायोडॉस बँक विरुद्ध डॉब्स हा इंग्लंडचा निकाल पाहावा. इंग्लंड काही कर्जदारांचं लाड करणारं राज्य नाही, आणि तिथेही हमीपत्रांत अशीच आगाऊ संमतीची कलमं असतात. डॉब्स यांनी कंपनीच्या नऊ लाख पौंडांच्या कर्जांना पन्नास हजारांपर्यंतची हमी दिली होती. पुढे ती कर्जं बाजूला ठेवून सव्वीस लाख पौंडांचा नवा करार झाला. बदल करण्याची परवानगी देणारं कलम हमीपत्रात होतं, तरी न्यायालयाने हमी लागू होत नाही असं म्हटलं. मूळ हमीच्या आवाक्यात बसणारे बदल त्या कलमाखाली करता येतात, मूळ कर्जाच्या जागी दुसरंच कर्ज आणून बसवता येत नाही. लक्षात घ्या, इथे डॉब्स यांची मर्यादा पन्नास हजारच राहिली होती, एक पौंडही वाढलेला नव्हता, आणि ते त्या कंपनीचे संचालक होते. गुरुजींच्या बाबतीत तर बोजाच वाढला होता.

मग गुरुजी पूर्ण सुटायला हवे होते का? इथे माझ्याच बाजूच्या काही वकिलांशी माझं पटत नाही. नव्या दोन लाखांना आणि वाढीव व्याजाला ते जबाबदार नाहीत, याबद्दल मला शंका नाही. जुन्या चार लाखांचं काय, हा अवघड प्रश्न आहे. कलम 135 सरळ वाचलं तर तेही सुटतात, कारण मुदत करारानेच वाढवली. अमेरिकेत आता साधारण असा कल आहे की बदलामुळे जामीनदाराचं जेवढं नुकसान झालं तेवढाच तो मुक्त व्हावा. तारणाच्या बाबतीत आपल्याकडेही तसंच आहे: धनकोने तारण हातचं घालवलं तर जामीनदार तारणाच्या किमतीएवढा सुटतो, कलम 141, आणि 1968 च्या स्टेट बँक ऑफ त्रावणकोरच्या प्रकरणात गहाण मालातली जेवढी तूट निघाली तेवढीच सूट जामीनदाराला मिळाली. लहानसहान बदलांना हाच न्याय लावायला माझी हरकत नाही. मात्र नुकसान झालं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं संस्थेवर हवं, कारण कागद तिच्या कपाटात असतात. मुद्दल वाढवलं, किंवा मुदत मूळ मुदतीच्या पलीकडे नेली आणि विचारलं नाही, तर मात्र मी कलम 135 च्याच बाजूने उभा राहीन.

प्रत्यक्षात हा वाद नीट ऐकला तरी जातो का? सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघतो, ती चौकशी थोडक्यात उरकणारी असते. थकबाकी आहे, हमीपत्रावर सही आहे, एवढं दिसलं की दाखला हातात पडतो. त्याविरुद्ध फेरतपासणी मागायची तर कलम 154 प्रमाणे आधी निम्मी रक्कम भरावी लागते. गुरुजींना तीन लाख भरावे लागले असते, ‘ही रक्कम माझी नाही’ एवढं म्हणण्यासाठी.

म्हणून अशा माणसाने पहिल्या नोटिशीलाच जागं व्हायला हवं. खातेउतारा मागायचा, फक्त बाकीचा नव्हे, पहिल्या दिवसापासूनचा. त्यात एकाच दिवशी जुनी बाकी शून्य होऊन मोठी रक्कम नावे पडलेली दिसली, व्याजाचा टक्का मध्येच बदललेला दिसला, किंवा हप्त्याचा आकडा उतरलेला दिसला, की तिथे करार बदलला आहे. मग त्या तारखेच्या आसपासचा कर्ज समितीचा ठराव आणि जामीनदाराचं संमतीपत्र मागायचं. संमतीपत्र निघालं तर सहीची तारीख पाहायची. ठरावानंतर सहा महिन्यांनी, थकबाकी झाल्यावर घेतलेली सही मी दोनदा पाहिली आहे. हे सगळं दाखल्याच्या चौकशीतच लेखी म्हणणं म्हणून द्यायचं, कारण तिथे जे मांडलं नाही ते पुढे मांडणं फार कठीण जातं. गुरुजी माझ्याकडे आले ते दाखला निघाल्यावर.

सहकार खात्याने एक गोष्ट केली तर यातले बरेच वाद जन्मालाच येणार नाहीत. हमीपत्राच्या पहिल्या पानावर मुद्दल, दर आणि शेवटच्या हप्त्याचा महिना ठळक लिहावा, आणि यातलं काहीही जामीनदाराच्या विरुद्ध बदलायचं असेल तर त्या दिवशी, त्या बदलाखाली, त्याची वेगळी सही घ्यावी. ती नसेल तर त्या बदलापुरता दाखला निघू नये. कर्ज समितीच्या बैठकीला कर्जदाराला बोलावतातच, त्याच दिवशी जामीनदारालाही बोलावता येईल.

गुरुजींनी शेवटी तडजोड केली. निवृत्तीच्या रकमेतून चार लाख भरले आणि दाखला निकाली निघाला, त्यामुळे तिसऱ्या पानावरच्या त्या कलमाबद्दल कोणत्याही न्यायालयाने काहीच म्हटलं नाही. पैसे भरून आल्यावर त्यांनी वही काढली, मार्च 2019 खाली पूर्वी मारलेली रेघ मला दाखवली आणि विचारलं, “वकीलसाहेब, ही रेघ मी मारली होती. ती पुसली कोणी?”